लघुपटात बकरी घ्यायची आहे? विदर्भातल्या गावांत शूटिंग करणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडे लघुपट करणारी मंडळी प्राण्यांबद्दल जे विचारतात, त्यात बकरी सगळ्यात जास्त वेळा येते. ती प्रत्येक गावात असते, पडद्यावर छान दिसते आणि सोपी वाटते. म्हणून हे पान मुख्यतः बकरीबद्दल आहे. बैल, माकड आणि साप यांच्याबद्दल थोडं प्रश्न 13 मध्ये आहे.

1. बकरी निवडताना काय बघायचं?

रंग आणि शिंगं बघण्याआधी स्वभाव बघा. संध्याकाळी कळप चरून परत येतो तेव्हा मालकाच्या अंगणात जाऊन बसा. अनोळखी माणूस बसलेला बघून जी बकरी दोन पावलं पुढं येऊन हुंगते, ती कामाची. जी भिंतीला चिकटते ती कितीही देखणी असली तरी सोडून द्या. घरात येण्या-जाण्याची सवय असलेली, मुलांच्या हातून पाला खाल्लेली बकरी सर्वात बरी.

बोकड शक्यतो नको. माजावर आला की त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं आणि तो ढुशी मारू शकतो. बकरीही साधारण 21 दिवसांनी माजावर येते. तेव्हा ती एक-दोन दिवस सारखी ओरडते आणि शेपटी हलवत राहते. त्या दिवसांत संवाद रेकॉर्ड करणं विसरा. मालकिणीला विचारलं तर ती तारखेचा अंदाज देते. गाभण बकरी शेवटच्या महिन्यात घेऊ नका.

आपल्या भागात अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर पट्ट्यातली बेरारी जात सगळीकडे दिसते. कथा इथलीच असेल तर तीच घ्या.

2. हँडलर मुंबईहून आणावा लागतो का?

बकरीसाठी नाही. जी व्यक्ती रोज तिला सोडते, बांधते आणि दूध काढते, तीच तुमची हँडलर. बहुतेक घरांत ती घरची बाई असते, आणि बोलणी मात्र घरातल्या पुरुषाशी होतात. इथंच गाडी अडते. भाऊ म्हणतात, “काई टेन्शन नाई, बकरी आपलीच हाये,” आणि शूटिंगच्या दिवशी स्वतः येऊन उभे राहतात. बकरी त्यांच्याकडे बघतही नाही, कारण तिला ओळखीची हाक मावशींची आहे. पहिल्याच भेटीत विचारा: हिला पाणी कोण दाखवतं? ज्याचं नाव येईल त्याच्याशी ठरवा, आणि त्या दिवशी त्यांची निंदणाची किंवा कापूस वेचणीची मजुरी बुडणार असेल तर ती मोबदल्यात धरा (प्रश्न 14).

हँडलरचं सेटवर एकच काम असावं. मावशींना चहा करायला, गर्दी हटवायला किंवा फ्रेममध्ये उभं राहायला सांगू नका. आणि बकरीबाबत त्यांचा शब्द शेवटचा, हे दिग्दर्शकानं सगळ्या युनिटसमोर सांगावं. “आता पुरे, तिले बसू द्या” असं त्या म्हणाल्या की कॅमेरा बंद. हे आधी जाहीर केलं नाही तर शहरातून आलेल्या वीस माणसांसमोर त्या बोलणारच नाहीत.

3. लघुपटासाठीसुद्धा परवानगी लागते का?

लागते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 आणि त्याखालचे 2001 चे कामगिरी करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम चित्रपटालाही लागू आहेत, आणि त्यात लांबीची सूट नाही. अर्ज भारतीय पशु कल्याण मंडळाकडे करायचा. त्यात प्राण्याची आणि मालकाची माहिती, प्रसंगात तो नेमकं काय करणार आहे याचं वर्णन आणि पशुवैद्यकाचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. शुल्क आणि नमुने मंडळाच्या संकेतस्थळावरून ताजे घ्या. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका, अर्ज बराच आधी करा.

सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर शूटिंगनंतर पशु कल्याण मंडळाचं ना हरकत पत्रही मागितलं जातं. “आम्ही फक्त यूट्यूबवर टाकणार आहोत” म्हणून काही जण हे टाळतात. पण क्रूरतेची कलमं कॅमेरा असो वा नसो, लागूच असतात. शिवाय पुढे महोत्सवानं किंवा वाहिनीनं कागद मागितला तर तो मागच्या तारखेनं मिळत नाही.

4. दिवसाचं वेळापत्रक कसं लावायचं?

बकरीचा दिवस आधीच ठरलेला असतो, तुमचं कॉलशीट त्यात बसवायचं. सकाळी दूध काढल्यानंतर आणि चरायला सोडण्याआधी ती भुकेली आणि चपळ असते. चालणं, धावणं, हातून खाणं हे शॉट तेव्हा घ्या. दुपारी पोट भरलं की ती सावलीत बसून रवंथ करते. मांडीजवळ बसलेली बकरी आणि तिच्याशी बोलणारी आजी, असे संथ शॉट तेव्हाचे. भुकेल्या बकरीला बसवता येत नाही आणि रवंथ करणारीला पळवता येत नाही, एवढं लक्षात ठेवून प्रसंगांचा क्रम लावा.

मार्चनंतर विदर्भात दुपारचं शूटिंग ठेवूच नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो; सकाळी साडेनऊपर्यंत आणि मग ऊन उतरल्यावर, एवढाच वेळ बकरीचा. सगळ्यात सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

5. बकरीकडून हवं ते करून कसं घ्यायचं? ती ऐकतच नाही.

ती आज्ञा ऐकणार नाही. ती कुठून निघते, कुठे जाते आणि वाटेत काय करते, एवढंच आपण ठरवू शकतो. एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे पद्धत कळेल.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आम्हाला असा शॉट हवा होता: मुलगी ओसरीवर अभ्यास करता करता डुलकी घेते, बकरी अंगणातून येते आणि तिच्या वहीचं पान खाते. पटकथेत एक ओळ. आम्ही तिचे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा, अंगणातून येणं. बकरीला तिच्या रोजच्या खुंट्यापाशी मावशींच्या नवऱ्यानं धरलं. मावशी ओसरीच्या आत, दाराआड, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बसल्या आणि रोजच्या हाकेनं बोलावलं. दावं आधीच सोडलेलं होतं, काकाजींनी फक्त हात काढला. बकरी सरळ रेषेत आली, कारण तो तिचा रोजचाच रस्ता. कॅमेरा त्या रस्त्याकडे बघून लावला होता, आम्ही रस्ता बदलायला गेलो नाही.

दुसरा तुकडा, वही हुंगणं आणि पान ओढणं. वही नवी, कोरी, आणि तिच्या पिना आधीच काढलेल्या. पिन पोटात गेली तर जिवावर बेततं. पानांच्या कडेला ज्वारीच्या पिठाची पातळ पेज बोटानं लावून वाळवली आणि पानाखाली बाभळीच्या दोन शेंगा ठेवल्या. बकरी शेंगांसाठी नाक घालते, कागद आपसूक ओठात येतो आणि फाटतो. शाईनं लिहिलेलं पान वेगळं ठेवून त्याचा जवळचा शॉट बकरीशिवाय घेतला. तोंडात गेलेला कागद मावशी लगेच काढून घेत होत्या.

तिसरा तुकडा, चघळणारं तोंड. हा शॉट संध्याकाळी, ती कोठ्यात रवंथ करत असताना, लांब लेन्सनं. पडद्यावर ती वहीच खाते आहे असं वाटतं.

सराव फक्त पहिल्या तुकड्याचा केला, तोही आदल्या दिवशी कॅमेऱ्याऐवजी रिकामा स्टँड ठेवून. स्टँड, थर्माकोल, बूमची काठी या वस्तू रात्रभर अंगणात राहू दिल्या, म्हणजे सकाळी त्या नव्या नसतात.

6. प्रत्येक टेकला ज्वारी दिली तर चालेल ना?

मूठभर दिवसातून एकदा-दोनदा ठीक. पण दर टेकला ओंजळभर दाणा, वर युनिटमधला प्रत्येक जण बिस्किट आणि पोळी देतोय, हे बकरीसाठी धोक्याचं आहे. दाणा आणि पीठ जास्त झालं की तिच्या पोटात आम्ल वाढतं, ती रवंथ थांबवते, सुस्त होते, पातळ हगते आणि मरूही शकते. पाल्यावर जगणाऱ्या बकरीला एकदम दाणा पचत नाही.

बक्षीस म्हणून पाला द्या: बोरीची किंवा बाभळीची फांदी, तिच्या ओळखीचा पाला. फांदीचा फायदा असा की ती दिसते, लांबून हलवता येते आणि बकरी एका घासात संपवत नाही. ढेप किंवा कुटार रोज जेवढं मिळतं तेवढंच. चारा फक्त हँडलरच्या हातून, हा नियम सकाळीच मोठ्यानं सांगा. कोवळ्या ज्वारीचे धांडे आणि कण्हेरीचा पाला कोणी आणणार नाही हेही बघा, दोन्ही विषारी ठरू शकतात. सजावटीसाठी आणलेल्या फांद्यांवरही लक्ष ठेवा, कला विभागाला हे सांगावंच लागतं.

7. सेटवर कोणत्या गोष्टींनी बकरी बिथरते?

ड्रोन सगळ्यात वाईट. वरून येणारा आवाज तिला शिकाऱ्यासारखा वाटतो आणि अख्खा कळप उधळतो. बूमवरचं केसाळ कव्हर काही बकऱ्यांना कुत्र्यासारखं वाटतं, ते आधी जमिनीवर ठेवून हुंगू द्या. क्लॅप शॉटच्या शेवटी द्या, तोही हळू. जनरेटर घरामागे. गावातली कुत्री बांधून ठेवण्याची जबाबदारी एका माणसाला द्या.

आणि बकरीला एकटीला सेटवर आणू नका. कळपातला प्राणी एकटा पडला की ओरडतच राहतो. एक सोबतीण कॅमेऱ्यामागे, तिला दिसेल अशी बांधून ठेवा. निम्मा ओरडा तिथंच थांबतो.

8. लहान मुलगी बकरी घेऊन चालते असा शॉट आहे. काय काळजी घ्यायची?

दावं मुलीच्या मनगटाला किंवा बोटाला कधीही गुंडाळायचं नाही. बकरी उसळली तर मूल फरफटत जातं. दावं मुठीत सैल धरायचं आणि ओढ लागली की सोडून द्यायचं, हे मुलीला खेळासारखं शिकवा आणि मुद्दाम दोनदा सोडायला लावा. सोडलेली बकरी हँडलर धरेल. म्हणून हँडलर नेहमी बकरी ज्या दिशेला पळेल त्या बाजूला, म्हणजे बहुधा कोठ्याकडे.

शिंगांच्या वर तोंड नेऊन पापी घेण्याचे शॉट नकोत; बकरीनं सहज मान वर केली तरी शिंग डोळ्याला लागतं. मुलगी आणि बकरीची ओळख शूटिंगआधी काही दिवस रोज व्हायला हवी. काम झालं की मुलांचे हात साबणानं धुवा. कच्चं दूध पिण्याचा शॉट असेल तर पेल्यात उकळलेलं दूध.

9. बकरी थकली किंवा घाबरली हे कसं ओळखायचं?

शांत बकरी रवंथ करते. ब्रेकमध्ये ती बसली आणि जबडा फिरायला लागला, तर सगळं ठीक आहे. तोंड उघडून धापा, सतत एकाच पट्टीत ओरडणं, दात खाणं, आवडीचा पालाही नाकारणं, सारखं कोठ्याकडे वळणं: यातलं काहीही दिसलं की थांबा. सावली, पाणी, सोबतीण, आणि निदान अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. पुन्हा रवंथ सुरू झालं तरच पुढचा शॉट, नाहीतर आजचं बकरीचं काम संपलं.

माझं मत स्पष्ट आहे: एका शॉटचे सलग चार-पाच टेक झाले आणि तो मिळाला नाही, तर चूक शॉटच्या रचनेत आहे. सहाव्या टेकनं तो मिळत नाही. तुकडे करा, प्रश्न 5 बघा.

10. कपाशीच्या शेतात शूटिंग आहे. काही अडचण?

मोठी आहे. खरिपात कपाशीवर फवारण्या चालू असतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांचे विषबाधेनं जीव गेले. ते औषध पानांवर असताना बकरी ते पान सहज खाते. तुम्ही निवडलेल्या शेताच्या मालकाला विचारा, आणि शेजारच्यालाही, कारण वाऱ्यानं औषध इकडे येतं. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, डब्यावरच्या लेबलवर जनावरांना किती दिवस दूर ठेवायला सांगितलंय, हे बघा. पंपाचं पाणी साठवलेले डबे-बादल्या बांधावर नाहीत ना, तेही तपासा. खात्री नसेल तर बकरी बांधावर, कपाशी मागे धूसर. पडद्यावर फरक कळत नाही. वेचणी उरकल्यावर उभ्या पऱ्हाटीत शूट करणं सर्वात निर्धोक, तरी हे विचारणं सोडू नका.

11. शूटिंग चालू असताना बकरी आजारी पडली तर?

1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. पण गावापर्यंत यायला वेळ लागू शकतो, म्हणून जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना शूटिंगची तारीख आधीच कळवून त्यांचा नंबर कॉलशीटवर छापा. नेटवर्क अंगणात नसेल तर ते कुठे मिळतं, तेही लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त भीती पोटफुगीची. डावी कूस ढोलासारखी ताठ होते, बकरी उठ-बस करते, पोटाकडे बघते, दात खाते. तिला उभी ठेवा, पुढचे पाय जरा उंचवट्यावर. आडवी पडलेली असताना तोंडात तेल किंवा काढा ओतू नका, तो फुप्फुसात जातो. गावात उपाय सांगणारे खूप जमतील. डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच काही द्या.

12. बॅकअप म्हणून काय काय ठेवायचं?

पहिला बॅकअप दुसरी बकरी, शक्यतो त्याच कळपातली. दोघींचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून शेजारी ठेवा: कानाची लांबी, शिंगांचा वाक, पायावरचे पांढरे ठिपके. न जुळणारी बाजू कोणती हे लिहून ठेवा आणि दुसरीला त्या बाजूनं कधीच घेऊ नका. केस रंगवून जुळवू नका. बकरी अंग चाटते. गळ्यात तीच घंटी आणि तोच दोर बांधला की प्रेक्षक तिला तीच मानतात.

कंटिन्युइटीची एक गोष्ट शहरातल्या मंडळींच्या लक्षात येत नाही. सकाळची बकरी आणि संध्याकाळची बकरी वेगळी दिसते. सकाळी डावी कूस खोल, संध्याकाळी पोट टम्म. दूध काढण्याआधी कास भरलेली, नंतर लोंबती. एकाच प्रसंगाचे शॉट सलग दिवसांत घेत असाल तर त्याच वेळेला घ्या.

दुसरा बॅकअप म्हणजे बकरीशिवाय कथा पुढे नेणारे शॉट. रिकामा खुंटा आणि सुटलेलं दावं, चुलीआडून येणारा घंटीचा आवाज, धुळीतले खुरांचे ठसे, मुलीचा चेहरा आणि तिची नजर. हे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. ओरडण्याचे, पाला खाण्याचे, घंटीचे आवाज वेगळे रेकॉर्ड करा. संकलनात बकरी फ्रेमबाहेर आहे असं दाखवायला ते पुरतात.

तिसरा, पटकथेतला. प्रत्येक बकरीच्या प्रसंगासमोर एक ओळ लिहा: हे झालं नाही तर काय दाखवणार? आमच्या वहीच्या प्रसंगात उत्तर होतं, मुलगी जागी होते आणि फाटलेलं पान बघते. बकरी आलीच नसती तरी कथा थांबली नसती.

13. बकरी ऐवजी बैल, माकड किंवा नाग असेल तर?

माकड आणि अस्वल यांना कामगिरी करणारे प्राणी म्हणून वापरायला मनाई आहे. मदाऱ्याकडचं माकडही चालत नाही. नाग, मोर, पोपट हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात. गावच्या सर्पमित्रानं पकडलेला साप “पाच मिनिटं” कॅमेऱ्यासमोर सोडणं हा गुन्हा आहे, सर्पमित्रासाठीही. साप दाखवायचाच असेल तर रबरी किंवा संगणकावरचा.

बैलाबाबत घाई करू नका. 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेत मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला, पुढे शंकरपटासारख्या शर्यतींसाठी वेगळी तरतूद झाली. चित्रीकरणासाठी मंडळाला लेखी विचारून लेखी उत्तर आल्यावरच बैलजोडी पटकथेत ठेवा. नांगराला जुंपलेल्या बैलांचं शेतात चाललेलं काम लांबून टिपणं आणि त्यांच्याकडून शॉटसाठी काम करून घेणं, यात फरक आहे. अर्जात नेमकं काय करणार ते लिहा.

14. मालकाशी काय ठरवायचं?

मराठीत एक पानाचा साधा करार: कोणत्या तारखा, किती तास, बकरी कोणते शॉट देणार, हँडलरचा मोबदला वेगळा आणि बकरीचा वेगळा. शॉट मिळाला नाही तरी पैसे पूर्ण. बकरीला काही झालं तर द्यायची रक्कम आधीच लिहा. तालुक्याच्या आठवडी बाजारात तशा बकरीची जी किंमत चालते ती दोघांनी मान्य करून, दुभती असेल तर दुधाचं नुकसान धरून. हे बोलायला संकोच वाटतो, पण एखाद्या घराची ती शाळेच्या फीची आणि दवाखान्याची तरतूद असते.

15. आई ओरडायला हवी म्हणून पिल्लू बाजूला काढतात. चालतं का?

मी करत नाही. पिल्लू रोज चरायच्या वेळी जेवढा वेळ वेगळं असतं, तेव्हा आई जे ओरडते ते रेकॉर्ड करून घ्या. तो आवाज खरा असतो आणि त्यासाठी कुणाला वेगळं तोडावं लागत नाही. आई परतल्यावर पिल्लू धावत येतं तो शॉटही रोज संध्याकाळी फुकट मिळतो, कॅमेरा तयार ठेवा.

16. कथेत बकरी मरते. कसं दाखवू?

गुंगीचं औषध देऊन झोपवणं अजिबात नाही, नियमांतही त्याला मनाई आहे. पोत्यात कुटार भरून त्याला आकार द्या, वर बारदाना टाका आणि बाजूला तीच घंटी ठेवा. कॅमेरा माणसांवर राहू द्या. खाटकाकडची खरी कत्तल चित्रित करून कथेत जोडण्याचा विचारही सोडा.

17. शेवटी “कोणत्याही प्राण्याला इजा झाली नाही” असं लिहायचं का?

प्रश्न 3 मधले कागद हातात असतील आणि ते खरं असेल तरच. शूटिंग संपल्यावर दोन दिवसांनी मावशींना फोन करून बकरी खाते-पिते का, रवंथ करते का, दूध नेहमीएवढं आहे का हे विचारा. मग ती पाटी लिहा, आणि श्रेयनामावलीत हँडलरचं पूर्ण नाव द्या, “ग्रामस्थ” नव्हे.